63,000 ची विक्री, खात्यात 33,579: एका पेआउट स्टेटमेंटची उकल

सोलापुरी चादरी ऑनलाइन विकणाऱ्या एका ताईंनी नोव्हेंबर 2025 च्या मध्यावर माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स, दुसरं मार्केटप्लेसचं 1 ते 14 नोव्हेंबरचं सेटलमेंट स्टेटमेंट. पासबुकात 33,579.68 रुपये जमा. स्टेटमेंटच्या वरच्या ओळीत विक्री 63,000 रुपये. त्या म्हणाल्या, "दादा, निम्मे पैसे हेच खातात. मग मी विकते कशाला?"

त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण "निम्मे" बरोबर नव्हतं. 63,000 आणि 33,579.68 यांच्यातला फरक 29,420.32 रुपये. या रकमेत पाच वेगळ्या जातीचे पैसे होते. काही कायमचे गेलेले, काही त्यांचेच पण दुसरीकडे जाऊन बसलेले, काही तर कधी त्यांचे नव्हतेच. ही वर्गवारी केल्याशिवाय स्टेटमेंट वाचलं असं म्हणता येत नाही. म्हणून सगळा कागद बाजूला ठेवून आम्ही आधी फक्त एक ऑर्डर घेतली.

एक चादर, ग्राहक बेंगळुरूचा, किंमत 1,050 रुपये. यातले 1,000 चादरीचे आणि 50 रुपये 5% दराने जीएसटीचे. त्या ऑर्डरपुढे कापलेल्या रकमा अशा होत्या:

कमिशन, 1,050 वर 12%: 126.00
ठरावीक फी, दर ऑर्डरला: 30.00
शिपिंग: 108.00
या तिन्हींवर 18% जीएसटी: 47.52
टीसीएस: 5.00
टीडीएस: 1.00
हातात: 732.48

कमिशन 1,000 वर नाही, 1,050 वर लागलंय. म्हणजे ग्राहकाकडून सरकारसाठी घेतलेल्या 50 रुपयांवरही कमिशन गेलं. या मार्केटप्लेसच्या दरपत्रकात तसं लिहिलेलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पण विक्रीची किंमत ठरवताना ताईंनी 12% हे 1,000 चे धरले होते.

आता 732.48 हा आकडा बरोबर आहे का, हे दोन बाजूंनी तपासायचं. पहिली बाजू सोपी आहे. चादरीचे 1,000 आणि मार्केटप्लेसचा खरा खर्च 126, 30 आणि 108 मिळून 264, म्हणजे उरले 736. दुसरी बाजू हातातल्या पैशांपासून सुरू करायची. 732.48 मध्ये टीसीएस आणि टीडीएसचे 6 रुपये मिळवा, कारण ते ताईंच्या नावावर सरकारकडे जमा आहेत. फीवरच्या जीएसटीचे 47.52 मिळवा, कारण त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे सरकारला भरायच्या जीएसटीतून ते वजा करता येतात. झाले 786. त्यातून सरकारला द्यायचे 50 वजा करा. पुन्हा 736. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे त्या ऑर्डरमध्ये न सांगता कापलेलं काही नाही. एखाद्या ऑर्डरला हे जुळलं नाही, तर हिशेब तिथेच थांबवून त्या ऑर्डरचा क्रमांक लिहून ठेवायचा.

मग पूर्ण पंधरवडा घेतला. 60 चादरी गेल्या, 6 परत आल्या. परतीचे 6,300 ग्राहकांना गेले. ते विक्रीतून वजा व्हायला हवेत, खर्चात धरायचे नाहीत. राहिल्या 54 चादरी: जीएसटीसह 56,700, जीएसटी सोडून 54,000. कमिशन 54 चादरींचं 6,804, कारण परत आलेल्यांचं कमिशन परत मिळालं. ठरावीक फी मात्र साठही ऑर्डरींची, 1,800. जाण्याचं शिपिंगही साठांचंच, 6,480. परतीच्या शिपिंगचे सहा वेळा 140, म्हणजे 840. एकूण फी 15,924 आणि त्यावर 18% जीएसटी 2,866.32. टीसीएस 270. टीडीएस 60. शेवटी 4,000 रुपये "राखीव" म्हणून रोखलेले. हे पुढच्या परतींच्या धास्तीने ठेवतात आणि नंतरच्या एखाद्या पेआउटमध्ये सोडतात. हा खर्च नव्हे, नुसता उशीर. पण पुढच्या स्टेटमेंटमध्ये तो सुटल्याची ओळ शोधायची जबाबदारी विक्रेत्याचीच असते.

म्हणजे खरोखर गेलेले पैसे 15,924. जीएसटी सोडून झालेल्या 54,000 च्या विक्रीवर ते साडेएकोणतीस टक्के होतात. निम्मे नव्हेत. तरीही थोडे नाहीत.

इथून पुढे मी ताईंना टीसीएसच्या ओळीवर बोट ठेवायला लावलं. 270 रुपये ही अख्ख्या कागदातली जवळजवळ सगळ्यात लहान कपात. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. माझ्या मते मात्र तीच सगळ्यात कामाची ओळ आहे.

टीसीएस म्हणजे मार्केटप्लेसने विक्रेत्याच्या पैशांतून गोळा करून जीएसटी खात्याकडे भरलेला कर. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 52 खाली तो भरावा लागतो. सुरुवातीला दर 1% होता, 10 जुलै 2024 पासून 0.5% आहे. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर तो 0.25 अधिक 0.25 असा केंद्र आणि राज्यात विभागून दिसतो, परराज्यात असेल तर एकरकमी 0.5. तो आकारला जातो जीएसटी सोडून राहिलेल्या विक्रीवर, आणि त्या विक्रीतून परत आलेला माल वजा करून. याचाच अर्थ असा की टीसीएसला 200 ने गुणलं की मार्केटप्लेसने तुमच्या नावावर सरकारला सांगितलेली निव्वळ विक्री मिळते. 270 गुणिले 200 म्हणजे 54,000, अगदी आपल्या 54 चादरी.

टीडीएसची ओळ टीसीएससारखी दिसते, पण ती वेगळी. ती आयकराची. 1 ऑक्टोबर 2024 पासून तिचा दर 0.1% आहे, आधी 1% होता. ती एकूण विक्रीवर लागते, म्हणून या कागदात ती साठही चादरींवर होती: 60,000 वर 60 रुपये. परत आलेल्या मालावर कापली गेलेली रक्कम मार्केटप्लेस पुढच्या व्यवहारात वळती करू शकतं. त्यामुळे टीडीएसवरून विक्री काढायला गेलं तर आकडा फसवतो. ही रक्कम 26एएस या आयकर खात्याच्या करजमा पत्रकात दिसते आणि आयकर रिटर्न भरताना वजा होते. ज्या एकट्या मालकाची त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची एकूण विक्री 5 लाखांच्या आत आहे आणि ज्याने पॅन दिलाय, त्याला टीडीएस लागत नाही. ताई ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेल्या होत्या.

एवढं झाल्यावर मी विचारलं, "ताई, जीएसटीच्या रिटर्नमध्ये विक्री कोणती दाखवता?" त्यांचा भाचा रिटर्न भरायचा. त्या म्हणाल्या, "खात्यात जे येतं ते. त्यातून पाच टक्के बाजूला काढतो तो."

मला नेमकी हीच भीती होती. पोर्टल उघडलं. वाट अशी आहे:

```
Services > Returns > TDS and TCS Credit Received
```

तिथे एप्रिल ते ऑक्टोबर 2025 या सात महिन्यांचा टीसीएस तसाच पडून होता. मार्केटप्लेस दर महिन्याचा जीएसटीआर-8, म्हणजे टीसीएसचं रिटर्न, पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत भरतं. त्यानंतर रक्कम इथे येते. पण ती आपोआप आपली होत नाही. प्रत्येक नोंद पाहून स्वीकारावी लागते आणि तिथला फॉर्म दाखल करावा लागतो. मगच पैसे इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये उतरतात. क्रेडिट लेजरमध्ये नाही, कॅशमध्ये. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतो. ताईंच्या वहीत मात्र ही रक्कम दर महिन्याला "कंपनीने कापले" या सदरात खर्च म्हणून लिहिलेली होती.

सात महिन्यांचा टीसीएस 3,640 रुपये. गुणिले 200 म्हणजे 7,28,000 ची निव्वळ विक्री. त्याच सात महिन्यांत बँकेत आले होते 5,06,100. भाच्याने त्यातून 5% जीएसटी बाजूला काढून 4,82,000 ची विक्री दाखवली होती. म्हणजे 2,46,000 ची विक्री रिटर्नमध्ये आलीच नाही, आणि 5% ने 12,300 रुपये कर कमी भरला गेला. यात लबाडी काहीच नव्हती. कमिशन आणि शिपिंग विक्रीतून आधीच वजा होऊन पैसे येत असल्यामुळे जमा रक्कम हीच विक्री वाटते. पण कायद्याच्या नजरेत ग्राहकाला विकलं ती विक्री, आणि मार्केटप्लेसने घेतलं तो वेगळा खर्च. जीएसटी खात्याकडे मार्केटप्लेसचा जीएसटीआर-8 आहे, ताईंचं रिटर्न आहे, आणि दोन्हींत अडीच लाखांचं अंतर आहे. ते अंतर तिकडून विचारलं जाण्याआधी आपणच भरलेलं बरं.

ताईंचा चेहरा उतरला होता, म्हणून दुसरी बाजूही लगेच दाखवली. विक्री कमी दाखवताना खर्चही दाखवला गेला नव्हता, त्यामुळे फीवरच्या 18% जीएसटीचं क्रेडिट त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. मार्केटप्लेसकडे त्यांचा जीएसटी क्रमांक नोंदवलेला असल्याने कमिशन आणि शिपिंगची बिलं जीएसटीआर-2बी या पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत व्यवस्थित येत होती. सात महिन्यांचं ते क्रेडिट 38,000 च्या वर होतं. 2025-26 चं क्रेडिट 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत घेता येतं, म्हणजे हातात वर्षभर होतं. राहून गेलेली विक्री पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायची आणि त्यावरचा 12,300 कर या क्रेडिटमधून भरायचा, असं ठरलं. उशिराचं व्याज वर्षाला 18% दराने लागतं. सरासरी चार-साडेचार महिने धरले तर ते हजाराच्या आत बसत होतं. व्याज क्रेडिटमधून भरता येत नाही, रोखच लागतं. टीसीएस कॅश लेजरमध्ये उतरतो हे इथे कामी आलं. स्वीकारलेल्या 3,640 मधूनच व्याज गेलं. व्याज नेमकं कोणत्या रकमेवर मोजायचं हे मी त्यांच्या सीएकडून ठरवून घेतलं, कारण चुकीचा आकडा भरून पुन्हा दुरुस्ती करणं जास्त त्रासाचं असतं.

क्रेडिटबद्दल एक कटू गोष्ट मात्र सांगावीच लागली. एका ऑर्डरच्या हिशेबात मी फीवरचा जीएसटी पूर्ण परत मिळतो असं धरलं होतं. कागदावर ते खरं आहे. पण चादरीवर विक्रीचा कर 5% आणि मार्केटप्लेसच्या सेवेवर 18%. या पंधरवड्यात विक्रीवरचा कर 2,700. त्यासमोर फीवरचं क्रेडिट 2,866.32, आणि चादर खरेदीवरचं, नगाला 28 रुपयांप्रमाणे, 1,512. म्हणजे 2,700 भरायला 4,378.32 चं क्रेडिट. उरलेले 1,678.32 पुढे सरकतात, आणि पुढच्या पंधरवड्यातही असेच उरतात. सेवांवर भरलेल्या जीएसटीचा असा साठा रोखीने परत मागता येत नाही. खरेदीवरचा दर विक्रीवरच्या दरापेक्षा जास्त असेल तर मिळणारा उलट्या करदराचा परतावा मालावरच्या करापुरता आहे, आणि चादर खरेदी-विक्री दोन्हीकडे 5% वरच आहे. ताईंचं क्रेडिट लेजर फुगत जाणार, पण त्याने विणकराचं देणं भागणार नाही. किंमत ठरवताना मी तरी ही उरणारी रक्कम खर्चच धरतो.

तसं धरून नफा काढला. चादर त्यांना जीएसटी सोडून 560 ला पडते, पॅकिंग 16. 54,000 मधून फीचे 15,924, चादरींचे 30,240 आणि साठ पॅकिंगचे 960 गेले की उरतात 6,876. त्यातून अडकणारे 1,678.32 वगळले की 5,197.68. म्हणजे चादरीमागे साधारण 96 रुपये. ताईंच्या मनात हा आकडा "दीडशेच्या पुढे" होता.

मग हे पैसे कुठे गळतात? दोन जागा सापडल्या. पहिली परतीची. परत आलेल्या एका चादरीवर 30 ची फी, 108 जाण्याचे, 140 येण्याचे आणि 16 चं पॅकिंग असे 294 रुपये बुडतात. नीट विकल्या गेलेल्या चादरीवर क्रेडिटचा प्रश्न बाजूला ठेवला तर 160 सुटतात. म्हणजे एक परत आलेली चादर जवळजवळ दोन विकलेल्या चादरींची कमाई घेऊन जाते. सहापैकी चार परतींचं कारण "रंग वेगळा" असं लिहिलेलं होतं. फोटो ट्यूबलाइटखाली काढले होते आणि मरून रंग त्यात तांबडा दिसत होता.

दुसरी जागा शिपिंगची. ताईंनी चादरीचं वजन 1.6 किलो लिहिलं होतं आणि त्यांना 2 किलोचा 91 रुपयांचा दर अपेक्षित होता. लागत होते 108, म्हणजे अडीच किलोचा दर. कुरिअरमध्ये काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन असं काढतात:

```
लांबी × रुंदी × उंची (सेंमी) ÷ 5000
```

ताईंनी पार्सल 38 बाय 30 बाय 8 लिहिलं होतं. त्याचे 1.82 किलो होतात, म्हणजे 2 किलोच्या आत. मी त्यांच्याकडून एक तयार पार्सल मागवलं आणि टेबलावर ठेवून टेप लावली. कडेला 8 सेंटिमीटर बरोबर होते. मध्यभागी मात्र घडी फुगून पिशवी वर आली होती, तिथे 9. गोदामातलं यंत्र सगळ्यात उंच जागा मोजतं. 38 गुणिले 30 गुणिले 9 भागिले 5000 म्हणजे 2.05 किलो. फक्त पन्नास ग्रॅम जास्त, पण टप्पा अडीच किलोचा लागला. त्या एका सेंटिमीटरचे साठ ऑर्डरींत 1,020 रुपये, वर जीएसटी वेगळा. यावर वजनाची तक्रार टाकून उपयोग नव्हता, कारण यंत्र बरोबर होतं. ताईंनी घडीची पद्धत बदलली. आधी मधे चार पदर एकावर एक येत होते, आता दोन्ही टोकं आत वळवतात आणि पिशवीतली हवा हाताने दाबून काढूनच चिकटपट्टी लावतात.

ताळा करताना एक सावधगिरी मी त्यांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावली. पेआउटचं चक्र आणि जीएसटीचा महिना एक नसतात. 30 तारखेला पाठवलेल्या ऑर्डरचे पैसे पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये येतात, पण तिचा टीसीएस आधीच्या महिन्याच्या जीएसटीआर-8 मध्ये जातो. म्हणून 200 चा ताळा दोन ठिकाणी वेगवेगळा करायचा. स्टेटमेंटमधला टीसीएस त्याच स्टेटमेंटमधल्या ऑर्डरींशी, आणि पोर्टलवरचा टीसीएस मार्केटप्लेसच्या त्या महिन्याच्या कर अहवालाशी. दोन्ही एकमेकांत मिसळले तर नसलेली चूक दिसते. आणि जुलै 2024 च्या आधीचा कागद तपासायचा असेल तर गुणक 200 नव्हे, 100.

पुढचं स्टेटमेंट 28 नोव्हेंबरपर्यंतचं आलं तेव्हा ताईंनी फोन केला. जमा किती झाले ते त्यांनी सांगितलंच नाही. म्हणाल्या, "टीसीएस 285 आहे. म्हणजे 57 चादरी. माझ्या वहीत 58 आहेत." शिपिंग सगळीकडे 91 लागलं होतं, राखीवचे 4,000 सुटले होते, बाकी ओळी जुळत होत्या. एकेक ऑर्डर तपासताना एक सापडली. स्टेटमेंटमध्ये ती परत आल्याचं दाखवून ग्राहकाला पैसे दिले होते, पण चादर ताईंकडे पोहोचलीच नव्हती. त्यांनी ऑर्डर क्रमांक, परतीचा ट्रॅकिंग क्रमांक आणि त्या दिवशी आलेल्या पार्सलांची वहीतली नोंद जोडून मार्केटप्लेसकडे भरपाईचा दावा त्याच संध्याकाळी टाकला.